कासव फरशीवर टेकेना: एका शॉटच्या मॅचमूव्हची पूर्ण हकीकत

शॉट आठ सेकंदांचा होता, २५ फ्रेमच्या वेगाने २०० फ्रेम. वाई परिसरातलं जुनं शिवमंदिर, पुढे काळ्या दगडाची फरसबंदी, डावीकडे दीपमाळ, मध्ये नंदीचा चौथरा आणि चौथऱ्याच्या पुढे फरशीत बसवलेलं दगडी कासव. लघुपटातला मुलगा संध्याकाळी एकटाच अंगणात बसलेला आहे. त्याच्या डोळ्यांदेखत ते कासव मान वर करतं, फरशीतून सुटतं, चार पावलं टाकतं आणि दीपमाळेकडे वळतं. खरं कासव ६२ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. त्याच्या जागी मला माझं त्रिमित कासव बसवायचं होतं, तेही असं की पहिल्या फ्रेमला खरं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं हे कोणाला कळू नये. त्यासाठी खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल चित्रावरून शोधून संगणकातल्या कॅमेऱ्याला तीच द्यावी लागते. या कामाला मॅचमूव्ह म्हणतात.

कॅमेरा हातात धरलेला होता. छायाचित्रकार उजवीकडे दोन पावलं सरकतो, अंतर साधारण सत्तर सेंटिमीटर, आणि ८८व्या फ्रेमपासून १३२व्या फ्रेमपर्यंत कॅमेरा हळूच खाली झुकवतो, कारण कासव तेव्हा चालायला लागलेलं असतं. बाकी काही हालचाल नाही. वाचणाऱ्याने ही हालचाल लक्षात ठेवावी. आधी निव्वळ सरकणं आणि मग थोडं झुकणं, एवढ्यातच पुढचा सगळा घोळ दडलेला आहे.

संकलन करणाऱ्या मित्राने मला १९२० बाय १०८० ची क्लिप पाठवली. सोबत चिठ्ठी होती: लेन्स २४ मिमी, सेन्सर एपीएस-सी. म्हणजे सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी. मी ब्लेंडर या त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघडली, ते दोन आकडे भरले आणि चौदा ट्रॅकर लावले, म्हणजे चित्रातल्या एकेका ठिपक्याचा फ्रेममागून फ्रेम पाठलाग करणाऱ्या खुणा. त्यातले अकरा फरशीवर होते, कारण फरशीच्या सांध्यांवर, कोपऱ्यांवर, शेंदराच्या ठिपक्यांवर ट्रॅकर छान धरतो. सॉल्व्ह करताना, म्हणजे ट्रॅकरवरून कॅमेऱ्याची हालचाल काढताना, फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, पक्की न ठेवता `Refine` मध्ये `Focal Length` वर खूण केली, म्हणजे सॉफ्टवेअरने ती स्वतः शोधून काढावी. झूम लेन्सवरच्या रिंगचा आकडा कधीच काटेकोर नसतो, त्यामुळे हे करणं मला सुरक्षित वाटलं.

सॉल्व्ह झालं. सरासरी चूक ०.३८ पिक्सेल. फोकल लेंग्थ ३१ मिमी आली. चिठ्ठीतले २४ आणि सॉल्व्हचे ३१ यांत बरंच अंतर होतं, पण अर्ध्या पिक्सेलच्या आत चूक आल्यावर मी त्या आकड्याकडे दुर्लक्ष केलं. या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

थोडं थांबून ही चूक म्हणजे नक्की काय ते सांगतो. सॉल्व्हर प्रत्येक फ्रेमला कॅमेऱ्याची जागा आणि दिशा ठरवतो, प्रत्येक ट्रॅकरला अवकाशात एक बिंदू देतो, आणि मग तो बिंदू त्या कॅमेऱ्यातून परत चित्रावर पाडून बघतो. पाडलेला बिंदू आणि प्रत्यक्ष ट्रॅकर यांच्यात जितके पिक्सेल अंतर राहिलं, तितकी चूक. म्हणजे हा आकडा सॉल्व्हर स्वतःच्याच हिशोबाशी किती सुसंगत आहे एवढंच सांगतो. अंगण खरोखर तसं आहे का, याचा त्यात पुरावा नसतो.

मी `Set Floor` ने फरशी पक्की केली, `Set Scale` ने मोजमाप दिलं. चित्रीकरणाच्या दिवशी मी स्वतः टेप घेऊन गेलो होतो. चौथऱ्याच्या पुढच्या कडेवर, म्हणजे कॅमेऱ्याला आडवी अशी, दोन खुणांमधली लांबी २.१० मीटर होती. ती मापासाठी वापरली. मग कासव आणून ठेवलं.

रुंदीला ते बरोबर बसलं. लांबीला बसेना. खरं कासव कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे, म्हणजे त्याची लांबी कॅमेऱ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेत आहे. माझ्या कासवाचं तोंड खऱ्याच्या तोंडावर ठेवलं की शेपूट बोटभर नव्हे, चांगली अर्धी वीत आत राहायची. माझं मॉडेल मी त्याच कासवाच्या मापांवरून केलेलं, त्यामुळे वाटलं की मोजताना माझाच टेप कुठे सरकला असेल. मी कासव लांबीत ताणलं. ६२ चं जवळजवळ ७३ सेंटिमीटर केलं, आणि पहिली फ्रेम सुरेख जुळली.

दिग्दर्शिकेला पहिली कच्ची रेंडर पाठवली. तिचा फोन आला. "दादा, सुरुवातीला अगदी खरं वाटतंय. पण ते वळतं ना, तेव्हा एकदम लांबुळकं होतं. आणि मध्ये कुठेतरी बर्फावरून घसरल्यासारखं वाटतं."

दोन्ही निरीक्षणं अचूक होती. कासव दीपमाळेकडे वळलं की त्याची लांबी कॅमेऱ्याला आडवी येते, आणि तिथे ७३ सेंटिमीटर ७३च दिसतात. आणि घसरणं ९० ते १३० या फ्रेममध्ये होतं. पाय टेकवलेला, ॲनिमेशनमध्ये तो अजिबात हलत नाही, तरीही फरशीचा सांधा त्याच्याखालून हळूच निघून जातो.

मग मी ते केलं जे अशा वेळी बहुतेक जण करतात. ट्रॅकर वाढवले. चौदाचे एकतीस केले, आणि ज्यांची चूक जास्त दिसत होती ते काढून टाकत गेलो. काढलेले सात ट्रॅकर जवळजवळ सगळे चित्राच्या डाव्या-उजव्या कडेचे होते. मला वाटलं, कडेला लेन्स थोडी मऊ असते, त्यामुळे ट्रॅकर नीट धरत नसतील. चूक ०.३८ वरून ०.३३ वर आली. कासव होतं तसंच घसरत राहिलं.

ते सात ट्रॅकर खरं बोलत होते आणि मी त्यांनाच घालवलं, हे नंतर कळलं.

आकडा सुधारतोय आणि चित्र सुधारत नाही, असं झालं की सॉल्व्ह करणं बंद करून तपासणीला बसावं. मी तीन गोष्टी केल्या. पहिली, कासव लपवलं आणि ट्रॅकर नसलेल्या ठिकाणी दहा सेंटिमीटरचे साधे ठोकळे ठेवले: एक दीपमाळेच्या पायथ्याच्या कोपऱ्यावर, एक नंदीच्या चौथऱ्याच्या वरच्या कडेवर, दोन फरशीच्या अगदी टोकांना. ट्रॅकरवर ठेवलेला ठोकळा नेहमीच बरा बसतो, कारण सॉल्व्ह त्याच बिंदूला जुळवूनच केलेलं असतं. परीक्षा होते ती मधल्या आणि बाहेरच्या जागांवर. दीपमाळेचा आणि चौथऱ्याचा ठोकळा शांत होता. कडेचे दोन ८८व्या फ्रेमपर्यंत शांत होते आणि मग निसटत गेले.

दुसरी तपासणी टेपची. मापासाठी वापरलेल्या आडव्या लांबीशिवाय मी त्या दिवशी आणखी एक लांबी मोजली होती, कॅमेऱ्यापासून दूर जाणारी, दोन सांध्यांमधली १.८० मीटर. सॉल्व्हच्या अवकाशात तीच लांबी २.१२ मीटर भरली. भागाकार केला तर १.१८. कासवाला मी किती ताणलं होतं? ६२ चे ७३, म्हणजे तेही १.१८. माझा टेप सरकला नव्हता. सॉल्व्हचं अख्खं अंगणच खोलीच्या दिशेने अठरा टक्के ताणलेलं होतं.

हे ताणलं कसं जातं, ते कागदावर दोन ओळींत दिसतं. एखादा बिंदू चित्रात कुठे पडेल ते असं ठरतं:

```
x = f * X / Z
```

`X` म्हणजे बिंदू किती बाजूला, `Z` म्हणजे किती दूर, `f` म्हणजे फोकल लेंग्थ. आता `f` अठरा टक्क्यांनी वाढवा आणि सगळे `Z` पण अठरा टक्क्यांनी वाढवा. भागाकार तोच राहतो, `x` तोच राहतो, चित्र पिक्सेलभरही बदलत नाही. कॅमेरा न वळता नुसता सरकत असेल तर लांब लेन्स आणि खोल अंगण, किंवा आखूड लेन्स आणि उथळ अंगण, या दोन्हींतून तंतोतंत तीच फिल्म निघते. सॉल्व्हरला त्यातून निवड करायला काहीच आधार नसतो. आधार मिळतो तो कॅमेरा वळतो तेव्हा, कारण वळताना चित्र किती सरकेल हे `f` वर अवलंबून असतं आणि `Z` वर मुळीच नसतं. माझ्या शॉटमध्ये वळणं म्हणजे ते ८८ ते १३२ मधलं झुकणं, आणि हात हलल्याने होणारे बारीक हेलकावे. फोकल लेंग्थचा सगळा पुरावा त्या हालचालींत होता.

आणि नेमक्या त्याच हालचालींशी कोणीतरी छेडछाड केलेली होती.

तिसरी तपासणी म्हणजे मी सगळ्या ट्रॅकरच्या गतीच्या रेषा आलेखात एकत्र बघितल्या. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या रेषा खरखरीत असतात. माणूस श्वास घेतो, पाऊल टाकतो, त्याची थरथर त्यात असते. इथे रेषा लोण्यासारख्या मऊ होत्या. त्याखेरीज चित्रीकरणाच्या दिवशी मॉनिटरवरून काढलेला एक फोटो माझ्या मोबाइलवर होता. त्यात डाव्या कडेला ओवरीचा तिसरा खांब अर्धा दिसत होता. माझ्याकडच्या क्लिपमध्ये त्याच क्षणी तो खांब नव्हताच.

मी संकलक मित्राला विचारलं, "क्लिपवर स्टॅबिलायझर लावलाय का?"

"हो, फार हलत होतं रे. थोडाच लावलाय. १०८ टक्के स्केल झालंय फक्त."

त्याच्या बाजूने ते काम बरोबरच होतं. दिग्दर्शिकेला शॉट शांत हवा होता, त्याने केला. पण तो शांतपणा मॅचमूव्हच्या आधी आला, आणि त्याचा परिणाम दोन पातळ्यांवर झाला.

१०८ टक्क्यांचं स्केल हा त्यातला सोपा भाग. चित्र मोठं केलं की ते लेन्स लांब केल्यासारखंच असतं. २४ ची लेन्स साधारण २६ ची होते. हे सॉल्व्हरला समजू शकतं, कारण ते सगळ्या फ्रेमना सारखं आहे.

अवघड भाग सरकवण्याचा. स्टॅबिलायझर हाताचा हेलकावा घालवायला प्रत्येक फ्रेमला चित्र वेगवेगळं डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवतो आणि मग कडा कापतो. सॉल्व्हर मात्र असं धरून चालतो की लेन्सचा मध्य चित्रात कायम एकाच ठिकाणी आहे. त्याला वाटतं की चित्र सरकलं म्हणजे कॅमेरा वळला असणार. पण सरकवलेलं चित्र आणि वळलेला कॅमेरा यांत फरक आहे. सरकवलं तर चित्राचा प्रत्येक भाग सारखाच सरकतो. वळलं तर कडेचा भाग मध्यापेक्षा जास्त सरकतो. किती जास्त? कडेचं मध्यापासूनचं अंतर भागिले फोकल लेंग्थ, आणि त्याचा वर्ग. अर्धा सेन्सर ११.७५ मिमी, लेन्स साधारण २६, भागाकार ०.४५, वर्ग ०.२. म्हणजे स्टॅबिलायझरने चित्र वीस पिक्सेल सरकवलं असेल तर मध्यावर सॉल्व्हरला काहीच खटकत नाही, आणि कडेला चार पिक्सेलांचा हिशोब लागत नाही.

म्हणून माझे कडेचे ट्रॅकर चूक दाखवत होते. म्हणूनच ते काढल्यावर आकडा सुधारला. मध्यातले ट्रॅकर खोट्या वळणांवर समाधानी होते, आणि त्या खोट्या वळणांना जुळेल अशी फोकल लेंग्थ सॉल्व्हरने शोधली, ३१. फोकल लेंग्थ मोकळी सोडलेली असल्यामुळे त्याला ती मुभा मीच दिलेली होती. त्यात फरशीवरच्या ट्रॅकरची भर. सगळे बिंदू एकाच सपाटीत असले की खोली आणि फोकल लेंग्थ यांच्यातला गोंधळ आणखी वाढतो, कारण सपाट फरशी थोडी तिरपी धरून बरंच काही खपवता येतं. उंचीवरचे बिंदू ती पळवाट बंद करतात.

इथून पुढे मी सगळं पहिल्यापासून केलं.

कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल मागवली, ३८४० बाय २१६०, कसलीही स्केल किंवा रंगबदल न केलेली. लेन्स आणि कॅमेराही एका दिवसासाठी परत मागितला, कारण २४ या आकड्यावर माझा आता विश्वास नव्हता. मोजण्याची रीत साधी आहे. भिंतीवर आडवा टेप लावायचा, कॅमेरा भिंतीला काटकोनात ठेवायचा, सेन्सरपासून भिंतीचं अंतर मोजायचं, आणि चित्रीकरणाला वापरलेल्या त्याच मोडमध्ये रेकॉर्ड करून टेपचा किती भाग दिसतो ते बघायचं. तीन मीटरवरून मला टेपचा २.९० मीटर भाग दिसला.

```
f = 23.5 * 3.00 / 2.90 = 24.3
```

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. काही कॅमेरे व्हिडिओ घेताना सेन्सरचा पूर्ण भाग वापरत नाहीत. तसं असलं तर २३.५ हा आकडाच चूक ठरेल. पण सॉल्व्हरला फोकल लेंग्थ आणि सेन्सरची रुंदी यांचं गुणोत्तर तेवढं लागतं, सुटे आकडे नाही, आणि टेपची ही रीत थेट ते गुणोत्तरच मोजते. सेन्सर कापला जात असेल तर टेप कमी दिसेल, `f` मोठा येईल, आणि हिशोब तरीही जुळेल. अट एवढीच की मोड तोच हवा, आणि फोकसही शक्यतो त्याच अंतरावर हवा, कारण बऱ्याच लेन्समध्ये फोकस बदलला की दिसणारी रुंदी थोडी बदलते.

लेन्सचा वाकडेपणा त्याच बैठकीत बघितला. चौथऱ्याच्या खालची लांब कड फ्रेमच्या तळाशी किंचित बाहेर फुगलेली दिसत होती. वाकडेपणा सांगणारा `K1` चा आकडा हलवत ती सरळ केली. `K2` आणि `K3` शून्यच ठेवले. एका सरळ रेषेच्या जोरावर तीन आकडे ठरवायला गेलं की ती रेषा सरळ होते आणि बाकीचं चित्र वाकडं होतं.

मग ट्रॅकर. या वेळी बावीस, पण नऊ फरशीच्या वर: दीपमाळेचे दिवे ठेवायचे दगडी हात, नंदीच्या पाठीवरची झूल, सभामंडपाच्या खांबांचे पायथे, मागे ओवरीच्या कौलांची एक तुटलेली कड. चार अगदी चित्राच्या कडेला. दीपमाळेचा एक ट्रॅकर मला काढावा लागला, आणि तो का, हे सांगायला हवं. दिव्याचा हात आणि त्यामागची ओवरीची कड एकमेकींना छेदून जो कोपरा दिसत होता, तो ट्रॅकरला फार आवडला. सगळ्या दोनशे फ्रेम त्याने तो सोडला नाही. पण असा कोपरा जगात कुठेच नसतो. जवळची आणि दूरची अशा दोन वस्तूंच्या कडा चित्रात एकमेकींवर आल्या एवढंच, आणि कॅमेरा सरकला की तो छेद स्वतःच्या मर्जीने सरकतो. असा ट्रॅकर आकड्यावरून नव्हे, डोळ्याने बघून काढायचा असतो: त्याच्या चौकटीत जवळचं आणि दूरचं दोन्ही दिसत असेल तर तो नको.

फोकल लेंग्थ २४.३ वर पक्की केली, `Refine` मधलं सगळं बंद ठेवलं, आणि सॉल्व्ह केलं.

चूक ०.८४ पिक्सेल आली.

पहिल्या नजरेत ही पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त. पण पिक्सेल आता निम्म्या आकाराचे आहेत. ३८४० रुंदीतले ०.८४ म्हणजे १९२० रुंदीतले ०.४२. तेही ०.३३ पेक्षा जास्तच. हे अपेक्षित आहे. फोकल लेंग्थ मोकळी असली की सॉल्व्हरकडे चुका लपवायला एक जागा जास्त असते, आणि अवघड ट्रॅकर काढले की हिशोब मागणारे कमी होतात. मी दोन्ही बंद केलं होतं, त्यामुळे उरलेली चूक आता उघड्यावर होती. आडवी २.१० मीटर मापाला दिली आणि खोलीची लांबी बघितली: १.७९. खरी १.८०. ठोकळे दोनशे फ्रेम जागचे हलले नाहीत, कडेचेसुद्धा.

न ताणलेलं, ६२ सेंटिमीटरचं कासव परत ठेवलं. तोंड तोंडावर, शेपूट शेपटीवर.

पुढचं काम फरशीचं, आणि ते वाटतं तितकं किरकोळ नाही. `Set Floor` ला तीन बिंदू लागतात. मी आधी कासवाच्या आजूबाजूचे तीन घेतले होते, एकमेकांपासून चाळीस सेंटिमीटरच्या आत, कारण कासव तिथेच आहे. पण त्या बिंदूंची उंची चार मिलिमीटरने जरी चुकली, तरी चाळीस सेंटिमीटरमागे चार मिलिमीटर म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर उतार झाला. चार पावलांत कासव दीपमाळेच्या दिशेने जातं, तिथला दगड अडीच मीटरवर आहे. तिथे फरशी अडीच सेंटिमीटर वर किंवा खाली. पाय हवेत किंवा दगडात. म्हणून तीन बिंदू शक्य तितके लांबचे घेतले: चौथऱ्याजवळचा एक, दीपमाळेजवळचा एक, फ्रेमच्या पुढच्या कडेचा एक.

तरी जुनी फरसबंदी एका सपाटीत नसतेच. पाणी जावं म्हणून उतार ठेवलेला असतो, आणि वर्षानुवर्षांत दगड बसतात, उचलतात. मी फरशीवर आणखी काही ट्रॅकर लावले. कॅमेरा आधीच सोडवलेला असल्यामुळे त्यांना फक्त अवकाशात जागा द्यायची होती. त्यांना जोडून कासवाच्या वाटेपुरती एक ओबडधोबड जाळी केली. कासवाची पावलं या जाळीवर पडतात, सावलीही तिच्यावरच पडते. खऱ्या कासवाची जागा बुजवण्यासाठी शेजारच्या दगडांचं चित्र मी याच जाळीवर सोडवलेल्या कॅमेऱ्यातून पाडलं, म्हणजे बुजवलेली फरशीही बाकीच्या फरशीबरोबरच सरकते.

१०४वी फ्रेम मला अजून पाठ आहे. मागचा डावा पाय एका सांध्यावर टेकतो. आधीच्या सॉल्व्हमध्ये १०४ ते ११६ या तेरा फ्रेममध्ये सांधा नखाखालून सात-आठ पिक्सेल निघून जायचा. आता चित्र चारशे टक्के मोठं करून पुढे-मागे चालवलं तरी नख आणि सांधा एकमेकांना सोडत नव्हते. पाय टेकला की नाही हे ओळखायला मी नेहमी असंच करतो. पूर्ण चित्र बघत नाही, कारण डोळा मग कासवाच्या चालीकडे जातो. पायाएवढाच तुकडा कापून घेतो, तो फ्रेमच्या मध्यात स्थिर करतो, आणि दगड पायाखाली हलतो का ते बघतो.

रेंडर करताना मूळ चित्र सरळ केलं नाही. सरळ केलं की कडा कापाव्या लागतात आणि प्रत्येक पिक्सेल नव्याने मिसळला जाऊन चित्र थोडं मऊ पडतं. त्याऐवजी कासव सरळ कॅमेऱ्यातून रेंडर केलं आणि कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे दोन्ही चित्रं एकत्र करताना, त्याला लेन्सइतकं वाकवलं. वाकवताना कडेचं चित्र आत ओढलं जातं, म्हणून फ्रेम चारही बाजूंनी पाच टक्के मोठी रेंडर केली. नाहीतर शेवटच्या फ्रेमना कासव कडेजवळ जातं तिथे काळी पट्टी आली असती. शटर १/५० सेकंद होतं, २५ फ्रेमला ते अर्धी फ्रेम. मोशन ब्लरला तोच आकडा दिला.

एक जागा सॉल्व्हने सुटली नाही. ११८ ते १२० या तीन फ्रेममध्ये छायाचित्रकाराच्या पायाखालचा दगड डुलला असावा, कारण चित्र फ्रेममागे तीसेक पिक्सेल सरकलं. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. त्याला अर्ध्या फ्रेमचा वेळ लागतो असं धरलं तर सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची ओळ यांच्यात पंधरा पिक्सेलांचं अंतर पडतं. त्या तीन फ्रेममध्ये दीपमाळ खरोखरच किंचित कललेली दिसते. कॅमेरा एका क्षणी एकाच ठिकाणी आहे असं धरणाऱ्या सॉल्व्हकडे याला उत्तर नाही. कासव फ्रेमच्या उंचीचा जेमतेम चौथा भाग व्यापतं, त्यामुळे त्याच्या आत तिरकेपणा चार पिक्सेलांहून कमी होता. मी त्या तीन फ्रेममध्ये कासवाचं तयार चित्रच फरशीच्या जवळच्या दोन ट्रॅकरना बांधून हाताने सरकवलं. सॉल्व्हला हात लावला नाही. तीन फ्रेमसाठी कॅमेरा बिघडवला असता तर आजूबाजूच्या वीस फ्रेम हलल्या असत्या.

शॉट परत संकलकाकडे गेला तो मूळ आकारात, हेलकाव्यांसकट. सोबत मी लिहिलं: "स्टॅबिलायझर आता लाव, कासवासकट सगळ्या चित्राला." त्याने तीच १०८ टक्क्यांची सेटिंग लावली. फरशी, दीपमाळ, कासव आणि त्याची सावली, सगळं एकाच चित्रात असल्यामुळे सगळं एकत्रच सरकलं. दिग्दर्शिकेने दोनदा बघितलं आणि विचारलं की वळताना कासवाची मान थोडी उशिरा वळवता येईल का. त्यासाठी मानेचं ॲनिमेशन सहा फ्रेम उशिरा केलं. कॅमेऱ्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

त्यानंतर शॉट हातात घेताना मी दोन गोष्टी आधी मागतो: कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, आणि जागेवर मोजलेल्या दोन लांबी, एक कॅमेऱ्याला आडवी आणि एक त्याच्यापासून दूर जाणारी. आडवी लांबी मापाला देतो. दुसरी सॉल्व्हला सांगत नाही.